पाच तारे आणि आपली पाठचिकित्सा

गेल्या जूनमध्ये आईसाठी रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घरबसल्या मागवले. पानावर पाचापैकी ४.४ तारे होते. मी ते तारे पाहिले, खालचे दोन अभिप्राय ओझरते वाचले आणि पैसे भरून मोकळा झालो. दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेतल्या संदर्भांची शहानिशा करायला मी त्याच आठवड्यात तीन दिवस घालवले होते. यंत्र निवडायला चार मिनिटे पुरली.

आई रोज सकाळी आकडे वहीत लिहीत असे. सहा आठवड्यांची वही पाहून डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली. पंधरा दिवसांनी तिचे डोके दुखू लागले, उठताना तोल जाऊ लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी आमचे आणि त्यांचे अशी दोन्ही यंत्रे पाच-पाच मिनिटांच्या अंतराने लावली. आमच्या यंत्राने वरचा दाब १३८ सांगितला, त्यांच्या यंत्राने १६८. पुन्हा मोजले, तरी फरक तेवढाच. डॉक्टर एवढेच म्हणाले, “सर, वही व्यवस्थित लिहिली आहे हो. पण लिहिणारं यंत्रच खोटं बोलतंय.”

यंत्र खोटे बोलत होते हे खरे. पण यंत्राआधी पानावरची माणसे खोटे बोलली होती, आणि मराठीचा अध्यापक असलेल्या मला ते वाचता आले नव्हते. हा लेख त्या नामुष्कीतून लिहीत आहे. माझे म्हणणे असे आहे की विकत घेतलेला अभिप्राय ओळखणे हे मुळात वाचनाचे काम आहे, आणि ज्या साधनांनी ते होते ती साधने आपल्याच विभागात शिकवली जातात. आपण ती तुकोबांच्या गाथेला लावतो. ज्या मजकुरावर आई-वडिलांची औषधे ठरतात त्याला लावायला मात्र आपल्याला कमीपणा वाटतो.

सहकाऱ्यांना हे बोलून दाखवले तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक जण म्हणाले, “हा बाजाराचा विषय आहे, साहित्याचा नाही.” या उत्तराला इतिहासच छेद देतो. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ काढले आणि त्याची निनावी परीक्षणे स्वतःच लिहून छापवली. २०१० साली ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजिस यांना कबूल करावे लागले, की विक्रीच्या संकेतस्थळावर टोपणनावाने आपल्या पुस्तकांची स्तुती आणि इतरांच्या पुस्तकांची निंदा त्यांनीच लिहिली होती. म्हणजे हा रोग आपल्या घरातही जुनाच आहे.

दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण ते शहाणपणासारखे दिसते. “खोटे अभिप्राय लगेच कळतात हो. अशुद्ध लिहिलेले असते, अतिशयोक्ती असते.” वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येणाऱ्या यादीवजा सूचनाही साधारण हेच सांगतात. मला ही समजूत चुकीची तर वाटतेच, पण अन्यायाचीही वाटते. “यंत्र छान, पैसे वसूल” एवढेच मोडक्या भाषेत लिहिणारा आपल्या देशातला बहुसंख्य, खराखुरा ग्राहक आहे. शुद्धलेखनाची चाळण लावली, की सर्वांत आधी तोच गळतो. आणि मोबदला घेऊन नेटके परिच्छेद लिहिणारा चाळणीत शिल्लक राहतो.

लगेच कळते, हा आत्मविश्वासही तपासून झालेला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली शिकागोतल्या वीस हॉटेलांविषयीचे ४०० खरे स्तुतिपर अभिप्राय गोळा केले आणि एकेक डॉलर देऊन ४०० खोटे लिहवून घेतले. खोटे लिहिणाऱ्यांना त्या हॉटेलात राहण्याची अट नव्हती. मग दोन्हींची मिसळण वाचकांपुढे ठेवली. नाणे उडवून जेवढे बरोबर येईल, त्याहून त्यांचे निदान फारसे पुढे गेले नाही. शब्दांची मोजदाद करणाऱ्या संगणकाला मात्र दहापैकी सुमारे नऊ ओळखता आले. त्याला सापडलेला फरक आपल्या कामाचा आहे. खऱ्या अभिप्रायांत जागा होती: न्हाणीघर, मजला, खोलीचा लहानमोठेपणा. खोट्यांत सोबत कोण होते आणि कशासाठी आलो होतो, म्हणजे नवरा, सुट्टी, कामाची फेरी, हे अधिक होते. आणि ‘मी’ही अधिक होता. जो तिथे गेलाच नाही त्याला जागा रचता येत नाही, म्हणून तो प्रसंग रचतो. वर्गात एखाद्या नवोदिताच्या कथेविषयी आपण नेमके हेच म्हणतो: माणसे बोलतात खूप, पण घर दिसत नाही.

तरीही ही एक कसोटी धरून बसलो असतो तर मी पुन्हा फसलो असतो. हे मला एका विद्यार्थ्याने दाखवले. द्वितीय वर्षातला हा मुलगा माझी हकिकत ऐकून तासानंतर थांबला आणि संकोचत मोबाइल पुढे करून म्हणाला, “सर, रागावू नका, पण मीपण असले चार लिहिलेत.” त्याला आलेल्या संदेशात कामाचे टप्पे क्रमवार होते. दुव्यावरून थेट जायचे नाही. वस्तूचे नाव शोधखिडकीत लिहून, दोन-चार दुसऱ्या वस्तू उघडून मग ‘आपली’ उघडायची. स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची. वस्तू हाती आल्यावर चार-पाच दिवस थांबायचे. मग पाच तारे, तीन-चार ओळी आणि घरातल्या उजेडात काढलेले छायाचित्र टाकायचे. अभिप्राय पानावर झळकला की त्याचे चित्र पाठवायचे. पूर्ण किंमत परत, वस्तू ठेवून घ्या.

या व्यवहारात काय काय खरे आहे ते पाहा. ग्राहक खरा, खरेदी खरी, छायाचित्र खरे, नावही खरे. वस्तू हातात असल्यामुळे बटण कुठे आहे, वायर किती लांब आहे, हेही तो बरोबर लिहील. शिकागोची कसोटी इथे लुळी पडते. ‘प्रमाणित खरेदीदार’ हा शिक्का तर अशा व्यवहारात हमखास मिळतो, कारण शिक्का मिळावा म्हणूनच खरेदी करायला लावलेली असते. तो शिक्का एवढेच सांगतो की या खात्यावरून ही वस्तू घेतली गेली. पैसे अखेर कोणाच्या खिशातून गेले ते सांगत नाही. शेवटी ‘तुका म्हणे’ आहे म्हणून अभंग तुकोबांचाच, असे आपल्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर आपण गुण कापतो. नाममुद्रा ही प्रक्षेप करणाऱ्यालाही लिहिता येते, किंबहुना तो ती आवर्जून लिहितो, हे आपण त्याला शिकवलेले असते.

प्रक्षेप ओळखताना आपण एकाच रचनेकडे टक लावून बसत नाही. ती कोणत्या पोथीत, कोणत्या काळापासून, कोणाच्या सोबतीने येते हेही पाहतो. अंतर्गत पुरावा आणि बहिर्गत पुरावा अशी ही जोडी आहे. ऑगस्टमध्ये मी त्या यंत्राचे पान पुन्हा उघडले आणि पहिल्यांदाच ते असे वाचले. तारे देऊन गप्प राहिलेले हजारो होते. त्यांचे काही करता येत नाही. मजकूर लिहिलेले २१२ होते. ते नेहमीच्या ‘उत्तम आधी’ या क्रमाऐवजी ‘नवे आधी’ या क्रमाने लावले आणि वहीत तारखा मांडत गेलो. एक संध्याकाळ लागली.

सर्वांत तळाचे ४८ अभिप्राय वाचताना प्रथम वाटले की आपण चुकीचे पान उघडले. “पीठ मोजायला उत्तम.” “भांड्याचे वजन वजा करता येते, ही सोय आवडली.” हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याविषयी होते! विक्रेत्याने वजनकाट्याचे जुने, चांगले चाललेले पान तसेच ठेवून त्यावरची वस्तू बदलली होती. नाव बदलले, छायाचित्र बदलले, तारे मात्र वारसाहक्काने आले. दोन वेगळ्या वस्तू एकाच मालाचे ‘प्रकार’ म्हणून जोडल्या तरी असाच लाभ होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीवर अशा जोडणीबद्दल कारवाई केली. कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले. हा प्रकार पकडायला कोणतीही विद्या लागत नाही. जुने अभिप्राय वाचायचे आणि ते याच वस्तूविषयी बोलतात का एवढे विचारायचे. पण जुने अभिप्राय कोणी वाचतच नाही, यावरच सगळा डाव उभा असतो.

मग यंत्राचे अभिप्राय सुरू झाले. सप्टेंबरपासून ऑगस्टपर्यंत महिन्याला आठ-दहा या संथ गतीने ते येत होते. अपवाद फक्त फेब्रुवारीचा. ७ ते १७ तारखेच्या अकरा दिवसांत एकदम ६७ अभिप्राय आले होते.

लाट आली म्हणजे लबाडी झाली, असे मात्र म्हणता येत नाही. दिवाळीच्या सवलतीत विक्री दहापट वाढते, तसे अभिप्रायही वाढतात. फरक करायचा तो लाटेच्या आतल्या मिश्रणावरून. खऱ्या विक्रीच्या लाटेत समाधानी आणि चिडलेले दोघेही वाढतात. पाच तारे वाढतात, तसा एक ताराही वाढतो. माझ्या लाटेत ६४ जणांनी पाच तारे दिले होते आणि तिघांनी चार. अकरा दिवसांत एकाचेही खोके फुटलेले आले नाही, एकाचीही बॅटरी उतरली नाही. त्या दिवसांत कोणती मोठी सवलतही नव्हती. काही खात्यांवर बोट ठेवले असता त्यांचे इतर अभिप्रायही दिसले: त्याच आठवड्यात केसांचे तेल, कानात घालायचा ध्वनिक, पाय चेपायचे यंत्र, भाजी चिरायचे यंत्र; सगळ्यांना पाच तारे. एका घरात एका आठवड्यात एवढे सुख सहसा नांदत नाही.

आता गणित. २१२ अभिप्रायांची सरासरी जवळजवळ ४ येत होती. वजनकाट्याचे ४८ आणि लाटेतले ६७ बाजूला ठेवले, तर ९७ उरले. त्यांत पाच तारे ३१, चार तारे १४, तीन तारे ९, दोन तारे ८ आणि एक तारा ३५. बेरीज २८९, सरासरी ३ च्या जराशी आत. ही सरासरी ‘खरी’ असा माझा दावा नाही. लाटेत दोन-चार प्रामाणिक माणसेही सापडली असतील, उरलेल्यांत एखादा प्रतिस्पर्धीही लपला असेल. टोकाची मते असलेलेच लिहायला बसतात, म्हणून पाच आणि एक यांची गर्दी प्रामाणिक पानांवरही असते. माझा दावा एवढाच की संशयित भाग काढल्यावर सरासरी जर एवढी कोसळत असेल, तर तो मूळचा आकडा वस्तूचा नव्हता, संशयिताचा होता. पान धड असेल तर असा भाग काढूनही आकडा फारसा हलत नाही. संशयावर विसंबायचे की नाही हे ठरवायला ही वजाबाकी पुरेशी आहे.

पण सगळ्यात मोठा धडा आकड्यांत नव्हता. तो लाटेतल्या वाक्यांत होता आणि तिथे आपली वाचनविद्या पुन्हा उपयोगी पडली. “आजच मिळाले. आकडे अगदी अचूक.” अशा अर्थाची वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. व्याकरण ठीक, अतिशयोक्तीही नाही. मग प्रश्न सुचला तो आपण कथनमीमांसेच्या तासाला विचारतो तोच: निवेदकाला हे कळले कसे? रक्तदाबाच्या यंत्राची अचूकता पहिल्या दिवशी, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय, कोणालाही कळू शकत नाही. तो निवेदक आपल्या ज्ञानाच्या मर्यादेबाहेरचे बोलत होता. कादंबरीत हे झाले की आपण समासात खूण करतो.

उरलेल्या ३५ एकतारांकितांपैकी २१ जणांनी आकडा दर वेळी बदलतो किंवा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा कमी येतो, असे लिहिले होते. त्यांतले बहुतेक महिन्या-दोन महिन्यांनी लिहिलेले. भाषा मोडकी, राग उघडा. एकाने लिहिले होते की वडिलांना रोज संध्याकाळी लावतो, डॉक्टरकडे तीनदा ताडून पाहिले, तिन्ही वेळा पंचवीस-तीसने कमी. या माणसाला कसे कळले, हे त्याने सांगितले आहे. आणखी एकाने खोक्यातल्या चिठ्ठीचे छायाचित्र जोडले होते: पाच तारे द्या, दीडशे रुपये परत मिळवा. हे सगळे मी यंत्र मागवण्यापूर्वीही बऱ्याच अंशी तिथेच होते, पानाच्या तळाशी.

‘कसे कळले?’ हा प्रश्न प्रामाणिक अभिप्रायांनाही विचारावा लागतो. पाच तारे देणाऱ्या उरलेल्या ३१ जणांपैकी पुष्कळांनी लवकर पोचले, खोके छान, पट्टा मऊ असे लिहिले होते. ते खरेच बोलत होते. पण ती साक्ष पोचवणाऱ्याची आणि पट्ट्याची, मोजमापाची नव्हे. चपलेविषयी, बादलीविषयी, पुस्तकाच्या बांधणीविषयी शंभर ग्राहकांचे मत कामाचे असते, कारण ते त्यांच्या अनुभवाच्या कक्षेत येते. रक्तदाबाचे यंत्र, औषधी गोळी, विजेचा झटका अडवणारे उपकरण यांच्याबाबतीत शंभर प्रामाणिक माणसेही मुख्य गोष्ट जाणत नाहीत. तिथे ताऱ्यांकडे पाहूच नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि घेतल्यावर त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे. हे मला खोट्या अभिप्रायांपेक्षाही उशिरा कळले.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि त्याची गती पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेतल्याचा फेडरल ट्रेड कमिशनचा पहिला खटला २०१९ सालचा. वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या त्या विक्रेत्याने अभिप्राय पुरवणाऱ्याला कळवले होते की विक्री व्हायची तर सरासरी ४.३ हवी. म्हणजे आपण ज्याला लोकमत समजतो तो आकडा मागणी नोंदवून घडवला जात होता. तिथे खोट्या अभिप्रायांवर थेट बंदी घालणारा नियम २०२४ साली आला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत, प्रसिद्ध करावेत हे त्यात सांगितले आहे. पण ते आणले तेव्हा ऐच्छिक ठेवले. ज्याच्या पानावर ताऱ्यांमुळे विक्री होते, त्याने आपल्या इच्छेने तारे विझवावेत, अशी ही अपेक्षा आहे. तोवर वाचकाला वाचावेच लागेल.

आणि वाचायला शिकवायचे कोणी? आपल्या अभ्यासक्रमात ‘उपयोजित मराठी’ आहे. त्यात आपण जाहिरातीचा मसुदा लिहायला शिकवतो, परीक्षण लिहायला शिकवतो, आकर्षक शीर्षकाला दोन गुण अधिक देतो. लिहिलेली जाहिरात परीक्षणाचा वेश घेऊन समोर आली तर ती ओळखायची कशी, यावर एकही तास नाही. आपण लिहिणारे तयार करतो आणि मग त्यांतलाच एक संकोचून सांगतो की सर, मीपण चार लिहिलेत. त्या मुलाचे तीन-चार ओळींचे मराठी चांगले होते. मीच त्याला ते शिकवले होते.

त्याला मी रागावलो नाही. पुढच्या तासाला त्या पानाचे छापील कागद वर्गात वाटले, नावे खोडून, आणि प्रत्येक अभिप्रायासमोर एकच प्रश्न लिहायला सांगितला: याला हे कसे कळले? तासाच्या शेवटी मुलांनी ज्या अभिप्रायांवर ‘उत्तर मिळते’ अशी खूण केली, त्यांत पाच ताऱ्यांचे फार थोडे होते. आईची गोळी आता पूर्ववत आहे आणि दवाखान्यात ताडून घेतलेले दुसरे यंत्र घरी आले आहे. जुने कपाटात ठेवले आहे. पुढच्या वर्षी तेही वर्गात नेणार आहे.